उत्तर तपासायचं तर सोडवणूक झाकून ठेवा

वाचकाचं पत्र

मी उच्च माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. काही महिन्यांपासून सरावपत्रिका आणि त्यांच्या सोडवणुकी एआय साधनाकडून तयार करून घेते. प्रत्येक सोडवणूक ओळ न ओळ वाचते आणि मगच मुलांना पाठवते. तरीही परवा एक चुकीचं उत्तर पुढे गेलं. प्रश्न असा होता : ५ मुलगे आणि ४ मुली यांतून ४ जणांचा गट निवडायचा आहे, गटात किमान २ मुली हव्यात, तर किती प्रकारे? सोडवणुकीत आधी ४ मुलींतून २ निवडल्या होत्या, म्हणजे ६ प्रकार. मग उरलेल्या ७ जणांतून कोणतेही २, म्हणजे २१ प्रकार. उत्तर ६ × २१ = १२६. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, अट काढून टाकली तरी १२६च गट होतात. मग अट गेली कुठे?" मी पुन्हा दोनदा वाचलं, तरी मला चूक सापडेना. त्याच साधनातून पुन्हा सोडवून घेतलं तर तेच उत्तर आलं. आठवड्याला वीस-पंचवीस गणितं पाठवायची असतात. ती तपासायची तरी कशी?

— एक गणित शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या त्या विद्यार्थिनीने काय केलं ते नीट पाहा. तिने सोडवणुकीतली एकही ओळ तपासली नाही. तिने प्रश्नातून दुसरीच एक गोष्ट मोजली, ९ जणांतून ४ जणांचे एकूण गट, आणि तो आकडा छापलेल्या उत्तराशेजारी ठेवला. फक्त मुलग्यांचेही गट होऊ शकतात, एकच मुलगी असलेलेही होऊ शकतात. ते वगळल्यावर आकडा १२६ पेक्षा कमी यायलाच हवा. तुम्ही दोनदा वाचून जे सापडलं नाही ते तिला एका आकड्याने दिसलं, कारण ती दुसऱ्या वाटेने आली होती.

तुमच्या वाचण्यात हलगर्जीपणा नव्हता. त्या सोडवणुकीत वाचून सापडेल असं चुकीचं काही लिहिलेलंच नाही. ४ मुलींतून २ निवडायचे ६ प्रकार होतात, हे बरोबर. ७ जणांतून २ निवडायचे २१ प्रकार, हेही बरोबर. गुणाकारही बरोबर. चूक आहे ती दोन ओळींच्या मधल्या न लिहिलेल्या गृहीतकात : या गुणाकारात प्रत्येक गट एकदाच मोजला जातो. असं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे डोळा तिथे थांबत नाही. वाचताना आपण प्रत्येक ओळीला 'आधीच्या ओळीवरून ही येते का?' एवढंच विचारतो, आणि यंत्राने लिहिलेल्या ओळी या प्रश्नाला बहुधा छान उत्तर देतात. भाषा सफाईदार असते, पायऱ्या नेहमीच्या क्रमाने येतात, म्हणून आपली मान डोलत राहते.

म्हणून माझा पहिला सल्ला क्रमाबद्दल आहे. सोडवणूक झाकून ठेवा. फक्त प्रश्न वाचा, कोऱ्या कागदावर तो तुमच्या पद्धतीने सोडवा आणि शेवटचं उत्तर लिहून त्याखाली रेघ मारा. मगच यंत्राचं उत्तर उघडा आणि आधी फक्त शेवटचे आकडे जुळवा. ओळी नंतर वाचायच्या. एकदा ती सोडवणूक डोळ्यांखालून गेली की 'आधी २ मुली निवडू, मग उरलेले' हीच वाट मनात बसते. मग तुम्ही सोडवलेलं गणित तुमच्या हस्ताक्षरात असतं, पण वाट तिचीच असते.

आता हेच गणित दुसऱ्या पद्धतीने करून पाहू. उलटीकडून मोजायचं : एकूण गटांतून नको असलेले वजा करायचे. एकूण गट C(९, ४) = १२६. एकही मुलगी नसलेले गट C(५, ४) = ५. नेमकी एक मुलगी असलेले गट ४ × C(५, ३) = ४ × १० = ४०. नको असलेले एकूण ४५. उरले १२६ − ४५ = ८१.

ही पद्धत मी मुद्दाम निवडली. यंत्राने हव्या असलेल्या गटांपासून सुरुवात केली होती, मी नको असलेल्यांपासून केली. दोन वाटांवर एकच खड्डा असण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते. तरी खात्रीसाठी तिसऱ्यांदा, सरळ प्रकार पाडून : नेमक्या २ मुली, ६ × १० = ६०. नेमक्या ३ मुली, ४ × ५ = २०. चारही मुली, १. बेरीज ८१. दोन वेगळ्या वाटा एकाच आकड्याशी आल्या.

पण ८१ मिळालं म्हणून काम संपत नाही. १२६ का आलं हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर चूक तुमच्या ८१ मध्येही असू शकते. समजा गटात अ, आ, इ या ३ मुली आणि एक मुलगा आहे. यंत्राच्या पद्धतीत हा गट कसा तयार होतो? आधी अ आणि आ निवडल्या, मग उरलेल्यांतून इ आणि मुलगा. किंवा आधी अ आणि इ, मग आ आणि मुलगा. किंवा आधी आ आणि इ, मग अ आणि मुलगा. गट एकच, मोजला गेला तीनदा. चारही मुलींचा गट C(४, २) म्हणजे सहा वेळा मोजला गेला. आता हिशेब लावा : २ मुलींचे ६० गट एकेकदा, ३ मुलींचे २० गट तीन-तीनदा म्हणजे ६०, आणि चार मुलींचा एक गट सहा वेळा. ६० + ६० + ६ = १२६. चुकीचा आकडा शेवटच्या एककापर्यंत उलगडला, म्हणजे कुठली पद्धत चुकीची याबद्दल आता शंका उरली नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मला या गणिताची जास्त काळजी वाटते. जास्तीचे मोजले गेलेले गट ४५ आणि वगळायचे गटही ४५ निघाले, हा निव्वळ योगायोग आहे. त्यामुळेच चुकीचं उत्तर एकूण गटांइतकं आलं आणि तुमच्या विद्यार्थिनीला खटकलं. पत्रिकेत ५ ऐवजी ६ मुलगे असते तर? यंत्राच्या पद्धतीने ६ × C(८, २) = ६ × २८ = १६८. एकूण गट C(१०, ४) = २१०. १६८ हा आकडा २१० पेक्षा कमी आहे, दिसायला अगदी समंजस. खरं उत्तर ९० + २४ + १ = ११५. तेव्हा वर्गात कुणीही हात वर केला नसता. उत्तर शक्यतेच्या मर्यादेत आहे का हे पाहणं चांगलंच, पण दुसऱ्या पद्धतीची जागा ते घेऊ शकत नाही.

दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत आणि कुठली चुकली ते कळेना, तर गणित लहान करा. २ मुलगे, ३ मुली, ३ जणांचा गट, किमान २ मुली. एकूण गट फक्त १०, ते हाताने लिहून काढता येतात. मुलगे क, ख आणि मुली अ, आ, इ घ्या. अटीत बसणारे गट : अआक, अआख, अइक, अइख, आइक, आइख, आणि अआइ. झाले ७. यंत्राच्या पद्धतीने C(३, २) × C(३, १) = ९. उलट पद्धतीने १० − ३ = ७, कारण नेमकी एक मुलगी असलेले ३ गट वगळायचे आणि मुलीविना तिघांचा गट होऊच शकत नाही. बोटांवर मोजलेल्या ७ शी कुठली पद्धत जुळते ते समोर आहे, आणि अआइ हा गट तीनदा मोजला जातो हेही यादीत दिसतं. मोजणीच्या आणि संभाव्यतेच्या गणितांत मला याहून भरवशाची कसोटी माहीत नाही.

आता 'दुसरी पद्धत' या शब्दांबद्दल, कारण त्यांचा अर्थ सैल राहिला तर सगळी मेहनत वाया जाते. त्याच साधनातून पुन्हा सोडवून घेणं ही दुसरी पद्धत नाही. आधीची सोडवणूक समोर असताना पुन्हा काढलेलं उत्तर तर तिच्याच वळणावर जातं. कोऱ्या खिडकीत नव्याने काढलं तर थोडा फरक पडतो, पण चूक करण्याची सवय तीच राहते. 'आधी किमान तेवढे निवडा, मग उरलेल्यांतून कोणतेही' हे वाक्य इतकं सहज सुचतं की विद्यार्थीही वर्षानुवर्षं हीच चूक करत आले आहेत. दोनदा तेच उत्तर आलं, म्हणजे तोच मोह दोनदा झाला, इतकंच काय ते सिद्ध होतं.

त्याहून जास्त वेळा होणारी एक गफलत अशी. आपण यंत्राने मांडलेलं समीकरण उचलतो आणि तेच दुसऱ्या रीतीने सोडवतो. मग मांडणी चुकली असेल तर दोन्ही उत्तरं सुखाने जुळतात. साधं उदाहरण घ्या : एक गाडी निम्मं अंतर ताशी ४० किलोमीटर आणि उरलेलं निम्मं ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते, तर सरासरी वेग किती? सोडवणुकीत (४० + ६०) / २ = ५० असं असेल, तर ती बेरीज आणि भागाकार कितीही प्रकारे तपासा, ५० च येणार. मुळात प्रश्नापासून निघायला हवं. अंतर १२० किलोमीटर धरा. पहिल्या ६० ला दीड तास, दुसऱ्या ६० ला एक तास, एकूण अडीच तास. १२० भागिले २.५ म्हणजे ४८. प्रश्नात 'निम्मा वेळ' असता तर ५० बरोबर होतं. आणि जर प्रश्नात नुसतं 'निम्मा प्रवास' असं लिहिलेलं आढळलं, तर तो अंतराने निम्मा की वेळाने हे प्रश्नातच स्पष्ट करून घ्या. तिथे दोष प्रश्नाचा आहे आणि तोही दुसऱ्या पद्धतीनेच उघडा पडतो.

म्हणून तपासणी प्रश्नाच्या शब्दांपासून सुरू झाली पाहिजे. 'किमान', 'कमाल', 'नेमके' हे शब्द वाचून त्यांचा अर्थ तुम्ही स्वतः लावायचा. तुमच्याच गणितात 'किमान २' ऐवजी 'नेमक्या २' वाचलं तर उत्तर ६० येतं, 'कमाल २' वाचलं तर ५ + ४० + ६० = १०५ येतं. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे नाहीत, पण तपासताना समासात लिहून ठेवले तर पुढे फार उपयोगी पडतात. यंत्राचं उत्तर ६० आलं तर चूक वाचण्यात आहे, १२६ आलं तर मोजण्यात आहे, हे सोडवणूक उघडण्याआधीच कळतं. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतानाही हेच आकडे पुन्हा पुन्हा भेटतात.

आता थोडी अवघड बाब. दोन पद्धतींची उत्तरं जुळली, तरी सोडवणूक चुकीची असू शकते. ५ मुलगे आणि २ मुली, ४ जणांचा गट, किमान २ मुली, असा प्रश्न घ्या. यंत्राच्या त्याच सदोष पद्धतीने : C(२, २) × C(५, २) = १ × १० = १०. उलट पद्धतीने : एकूण C(७, ४) = ३५. एकही मुलगी नसलेले ५, एक मुलगी असलेले २ × १० = २०. ३५ − २५ = १०. जुळलं. इथे मुली मुळात दोनच आहेत, म्हणून ३ मुलींचा गट होतच नाही, आणि दुबार मोजणीला वाव मिळत नाही. उत्तर १० बरोबरच आहे. पण मुलं सरावपत्रिकेतून शिकतात ती पद्धत. 'आधी किमान तेवढे निवडायचे, मग कोणतेही' ही रीत ती घेऊन जातील आणि पुढच्या गणितात ४ मुली आल्या की १२६ लिहून येतील.

म्हणूनच मी म्हटलं, ओळी नंतर वाचायच्या. वाचायच्या नक्कीच, पण वेगळा प्रश्न मनात धरून : प्रश्नातले आकडे बदलले तर ही पद्धत टिकेल का? एक आकडा वाढवा आणि दोन्ही पद्धती पुन्हा चालवा. इथे २ च्या जागी ३ मुली घ्या. यंत्राची रीत ३ × C(६, २) = ४५ देते. खरे गट ३ × १० + १ × ५ = ३५. आकडा बदलताच पद्धत उघडी पडली. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ज्या सोडवणुकीत एखादी ओळ 'जरा जास्तच सोपी' वाटते तिथे तर मी ते कधीच टाळत नाही.

बीजगणितात बहुतेक शिक्षक उत्तर समीकरणात घालून पाहतात. ती चांगली सवय आहे, पण तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे माहीत हवं. √(२x + ३) = x या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² − २x − ३ = ० मिळतं आणि त्याची मुळं ३ आणि −१ येतात. −१ मूळ समीकरणात घातलं की डावीकडे १ आणि उजवीकडे −१. म्हणजे ते खरं मूळ नाही, आणि किंमत घालून पाहिल्यावर ते लगेच कळलं. वर्ग करताना आत शिरलेलं जास्तीचं मूळ असं पकडता येतं.

हरवलेलं मूळ मात्र असं सापडत नाही. x(x − ३) = ५(x − ३) घ्या. सोडवणुकीत दोन्ही बाजूंना (x − ३) ने भागून x = ५ लिहिलेलं असतं. ५ घालून पाहा : डावीकडे १०, उजवीकडे १०. जुळलं, आणि आपण पुढे जातो. पण ३ हेही मूळ आहे. भागताना x − ३ शून्य नाही असं गुपचूप गृहीत धरलं गेलं आणि तेवढ्यात एक मूळ निसटलं. जे उत्तर कागदावर नाहीच, ते घालून कसं पाहणार? इथे दुसरी पद्धत म्हणजे कंस सोडवणं : x² − ८x + १५ = ०. वर्गसमीकरण आहे म्हणजे दोन मुळांची अपेक्षा धरायची. बेरीज ८, गुणाकार १५, मुळं ३ आणि ५. त्यामुळे बीजगणिताच्या पत्रिकेत मी किंमत घालून पाहण्याआधी अपेक्षित मुळांची संख्या लिहून ठेवतो. त्रिकोणमितीय समीकरणांत तर दिलेल्या अंतराळात किती उत्तरं यायला हवीत हे आलेखाच्या कच्च्या रेखाटनावरून आधी मोजावं. तिथे उत्तरं हरवण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसतं.

आणि कधीकधी उत्तर चुकीचं नसतं, प्रश्नच अशक्य असतो. प्रश्नही यंत्राकडूनच बनवून घेता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मी एकदा वर्गात असा प्रश्न दिला होता : काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेंटीमीटर आणि कर्णावर टाकलेला लंब ६ सेंटीमीटर, तर क्षेत्रफळ काढा. सोडवणूक एका ओळीची, ½ × १० × ६ = ३० चौरस सेंटीमीटर. मी सूत्र पाहिलं, गुणाकार पाहिला आणि पत्रिका वाटली. एका मुलाने आकृती कंपासने काढायला घेतली आणि ती जमेना. माझं काहीतरी चुकतंय, असं समजून तो तासभर खोडत बसला होता. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या पद्धतीने ते आधीच कळलं असतं. काटकोनाच्या बाजू a आणि b धरा. पायथागोरसने a² + b² = १००. क्षेत्रफळ ३० म्हणजे ab = ६०. मग (a − b)² = a² + b² − २ab = १०० − १२० = −२०. वर्ग ऋण येतोय, म्हणजे असा त्रिकोण नाहीच. आकृतीतूनही दिसतं : कर्ण हा व्यास धरून वर्तुळ काढलं तर काटकोनाचा बिंदू त्या वर्तुळावर येतो, आणि वर्तुळावरचा कुठलाही बिंदू व्यासापासून त्रिज्येपेक्षा, म्हणजे ५ सेंटीमीटरपेक्षा, दूर असू शकत नाही. ६ चा लंब येणार कुठून? ½ × पाया × उंची या सूत्राला त्रिकोण काटकोन आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, म्हणून ते बिनतक्रार ३० देतं. भूमितीत दुसरी पद्धत निवडताना हेच पाहावं की पहिल्या पद्धतीने न वापरलेली माहिती तिच्यात वापरली जाते का. सोडवणुकीत दिलेल्या माहितीपैकी एखादी गोष्ट कुठेच वापरली गेली नसेल तर तिथे थांबा. इथे 'काटकोन' हा शब्द वापरलाच गेला नव्हता.

आता वेळेचं. पंचवीस गणितांना पंचवीस पूर्ण सोडवणुकी दुसऱ्यांदा लिहायची गरज नाही. अवकलन, संकलनासारख्या कामात उलटी क्रिया करून पाहणं पुरतं : इंटिग्रेशनचं उत्तर डिफरन्शिएट केलं की मूळ फल परत यायला हवं. रेषीय समीकरणांच्या जोडीत किंमती घालून पाहणं पुरेसं आहे. पूर्ण वेळ द्यायचा तो तीन ठिकाणी : मोजणी आणि संभाव्यता, शाब्दिक उदाहरणं, आणि आकृतीविना दिलेली भूमिती. तुमच्या पत्रिकेत अशी सात-आठ गणितं असतील. पाचेक मिनिटं प्रत्येकी धरली तर काम पाऊण तासाच्या आत होतं. तेवढाही वेळ एखाद्या आठवड्यात नसेल तर पत्रिका बारा गणितांची करा. न तपासलेली गणितं सोडवणुकीशिवाय, नुसते प्रश्न म्हणून पाठवली तरी चालतील, पण तेही भूमितीचा तो अनुभव ध्यानात ठेवून.

मोजणीच्या गणितांसाठी संगणक वापरता येत असेल तर सगळे गट खरोखर तयार करून मोजता येतात. तुमचं गणित पायथॉनमध्ये एवढंच आहे :

```python
from itertools import combinations
people = ['b'] * 5 + ['g'] * 4
print(sum(1 for t in combinations(people, 4) if t.count('g') >= 2))
```

उत्तर ८१ येतं. इथे `combinations` जागेनुसार निवड करतं, त्यामुळे पाच `'b'` ही पाच वेगळी माणसं धरली जातात, जे आपल्याला हवंच आहे. या तीन ओळी सूत्र वापरत नाहीत, एकेक गट घेऊन अट तपासतात, म्हणून ही खरी स्वतंत्र पद्धत ठरते. पण `>= 2` ही अट तुम्ही स्वतः, प्रश्न वाचून लिहा. तीही यंत्राकडून लिहून घेतली तर त्याचा वाचण्यातला गैरसमज याही ओळीत तसाच उतरेल. आकडे मोठे झाले, म्हणजे ४० जणांतून २० निवडायचे असतील, तर गट इतके होतात की ही मोजणी संपायची वाट पाहता येत नाही. तिथे त्याच प्रश्नाचं लहान रूप चालवा आणि सूत्र त्याच्याशी ताडून बघा.

पत्रिकेच्या तुमच्या प्रतीत प्रत्येक गणितासमोर दुसरी पद्धत कोणती वापरली ते दोन शब्दांत लिहीत जा : 'उलट मोजणी', 'कंस सोडवून', 'बाजू काढून', 'यादी'. नुसती बरोबरची खूण करू नका. ज्या गणितासमोर पद्धतीचं नाव लिहिता येत नाही ते तपासलेलं नाही, मग ते कितीही वेळा वाचलेलं असो.

राहिलं ते आधीच पाठवलेलं गणित. मुलांना नुसतं 'उत्तर १२६ नसून ८१' असं कळवू नका. ज्यांनी १२६ समजून घेतलं त्यांच्या डोक्यात ती रीत अजून तशीच आहे. ३ मुली आणि एक मुलगा असा एक गट फळ्यावर लिहा, तो त्या पद्धतीने तीनदा कसा तयार होतो ते त्यांच्याकडूनच काढून घ्या आणि ६० + ६० + ६ ची बेरीज त्यांनाच करू द्या. मग २ मुलगे, ३ मुलींचं लहान गणित देऊन दहाही गट वहीत लिहायला सांगा. आणि अट कुठे गेली हे विचारणाऱ्या त्या मुलीला फळ्यापाशी बोलवा. सगळे गट मोजून पाहायचं तिला कसं सुचलं, ते तिच्या शब्दांत वर्गाला ऐकू द्या.